पंचेचाळीस दोनदा, पंचावन्न दोनदा

प्रश्न: काका, माझी मुलगी इंदूरच्या शाळेत नववीत आहे. पुढच्या सोमवारी प्रार्थना सभेत तिला सात-आठ मिनिटं बोलायचंय, विषय आहे ‘राज्यातल्या जिल्ह्यांची संख्या का बदलत राहते’. आजोबांच्या जुन्या पुस्तकात मध्य प्रदेशचे ४५ जिल्हे आहेत, तिच्या मावसभावाच्या पुस्तकात ५२ आणि वर्गात बाईंनी ५५ सांगितले. यातलं खरं कुठलं? आणि मुलं जांभया देणार नाहीत असं काय सांगता येईल? तुम्ही महसूल खात्यात होतात म्हणून विचारते.

उत्तर: तिन्ही खरे आहेत, आपापल्या वर्षी. आधी आजोबांचं पुस्तक घ्या आणि ते कोणत्या साली छापलंय ते बघा. ४५ हा आकडा आपल्या राज्यात दोनदा येऊन गेला आहे आणि ते दोन ४५ वेगवेगळे आहेत. भाषणाची सुरुवात मी याच गोष्टीने करेन, कारण नववीच्या मुलांना असं कोडं आवडतं: आकडा तोच, पण यादी दुसरी. ते कसं, हे समजलं की संख्या का बदलते हेही आपोआप समजतं.

मध्य प्रदेश १ नोव्हेंबर १९५६ ला नव्याने उभा राहिला तेव्हा त्याचे ४३ जिल्हे होते. हे कोणी टेबलावर नकाशा पसरून पाडलेले नव्हते, चार घरांतून आलेले होते. जुन्या मध्य प्रांताचे १७, आपल्या मध्य भारताचे १६, विंध्य प्रदेशचे ८ आणि भोपाळ राज्याचे २. बेरीज ४३. त्याच दिवशी नागपूर, अमरावती धरून विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. घरं वेगळी असल्याने गमतीही झाल्या. खरगोन होळकरांचा निमाड, खंडवा इंग्रजांचा निमाड, आणि आता दोन्ही एकाच राज्यात. म्हणून एक पश्चिम निमाड आणि दुसरा पूर्व निमाड झाला. आपल्याकडे जुन्या मंडळींच्या कागदांवर ही नावं अजून दिसतात. घरात एखादं जुनं खरेदीखत असेल तर मुलीला दाखवा.

पुढे १९७२ मध्ये सीहोरमधून भोपाळ जिल्हा वेगळा झाला. राजधानी इतकी वर्षं सीहोर जिल्ह्यात होती, हे ऐकून आजची मुलं चकित होतात. १९७३ मध्ये दुर्गमधून राजनांदगाव निघाला. झाले ४५. हा पहिला पंचेचाळीस, आणि तो पंचवीस वर्षं टिकला. आजोबा शाळेत हाच शिकवत असतील किंवा शिकले असतील.

१९९८ मध्ये एकदम सोळा नवे जिल्हे झाले आणि संख्या ६१ वर गेली. त्यातले नऊ छत्तीसगड भागात होते, सात आपल्याकडे: बडवानी, नीमच, हरदा, श्योपूर, कटनी, उमरिया आणि डिंडोरी. मग १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि सोळा जिल्हे घेऊन गेलं, सात जुने आणि नऊ नवे. ६१ मधून १६ गेले, उरले पुन्हा ४५. हा दुसरा पंचेचाळीस. पहिल्यात रायपूर, बस्तर, बिलासपूर होते, बडवानी आणि नीमच नव्हते. दुसऱ्यात अगदी उलट. सात गेले आणि सात नवे आले म्हणून आकडा जागेवर बसला. पुस्तक १९९८ च्या आधीचं असेल तर आजोबांचा ४५ पहिला. २००१-०२ चं असेल तर दुसरा.

मुलीने फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर एवढीच ओळ लिहावी: ४३, ४५, ६१, ४५, ४८, ५०, ५१, ५२, ५५. यातली एकच उडी खाली आहे, आणि ती राज्य फुटल्यामुळे आहे. बाकी सगळ्या वर, आणि त्या जिल्हा फुटल्यामुळे. ही दोन कारणं मुलांच्या डोक्यात वेगळी राहिली पाहिजेत. राज्य फुटलं की जमीन जाते. जिल्हा फुटला की जमीन तेवढीच राहते.

हे दाखवायला प्रार्थना सभेइतकी सोयीची जागा नाही. मुलं रांगांमध्येच उभी असतात. आपल्या आजच्या इंदूर संभागात आठ जिल्हे आहेत: इंदूर, धार, झाबुआ, आलीराजपूर, खरगोन, बडवानी, खंडवा, बुऱ्हाणपूर. १९९८ च्या आधी याच जमिनीवर पाच होते. खरगोनमधून बडवानी १९९८ मध्ये निघाला, खंडव्यातून बुऱ्हाणपूर २००३ मध्ये, झाबुआतून आलीराजपूर २००८ मध्ये. बाईंना विचारून ठेवा, आणि पाच रांगांतल्या मुलांना आठ रांगांमध्ये उभं करा. मूल एकही वाढलं नाही, मैदान तेवढंच, पण मॉनिटर पाचाचे आठ झाले आणि शेवटचं मूल आपल्या मॉनिटरच्या जवळ आलं. मॉनिटर म्हणजे कलेक्टर. दोन मिनिटांत सगळ्या मैदानाला कळेल.

आता ‘जवळ’ म्हणजे काय, यावर मात्र नीट थांबावं, कारण पुस्तकात इथे ‘प्रशासकीय सोय’ एवढंच लिहिलेलं असतं आणि त्यातून मुलांना काही दिसत नाही. बस्तरचं उदाहरण द्या. १९९८ पर्यंत बस्तर हा एक जिल्हा अख्ख्या केरळ राज्यापेक्षा मोठा होता. एक कलेक्टर, एक जिल्हा मुख्यालय. मग त्यातून कांकेर आणि दंतेवाडा निघाले. पण ते दूरचं झालं. आपल्या लोकांना जवळचं वाटेल असं उदाहरण पांढुर्ण्याचं आहे, आणि मी तुमच्या जागी असतो तर भाषणाचा मधला भाग त्यालाच दिला असता.

पांढुर्णा आणि सौसर ही मराठी बोलणाऱ्यांची, संत्र्याच्या बागांची तहसील. १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे तिकडे गेले तेव्हा ही छिंदवाड्याबरोबर इकडेच राहिली. छिंदवाडा क्षेत्रफळात राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा होता, आणि पांढुर्णा त्याच्या एका कोपऱ्यात. पांढुर्ण्याहून छिंदवाडा सुमारे शंभर किलोमीटर. नागपूरही जवळपास तेवढंच. पण नागपूर दुसऱ्या राज्यात, तिथे तुमचा कागद चालत नाही. आता असं बघा की एका शेतकऱ्याच्या सातबाऱ्यासारख्या कागदात, ज्याला आपल्याकडे खसरा म्हणतात, काही चूक आहे आणि तहसीलदाराच्या निकालाने त्याचं समाधान झालेलं नाही. आपल्या राज्यात दर मंगळवारी कलेक्टरकडे जनसुनवाई असते. त्या मंगळवारी त्याला पहाटे घर सोडायचं, सौसरवरून छिंदवाडा गाठायचं, अर्ज द्यायचा आणि रात्री परतायचं. बस चुकली की मुक्काम. एका अर्जाला एक दिवसाची मजुरी आणि दोन वेळचं भाडं. आणि काम एका फेरीत होत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा पांढुर्णा आणि सौसर तहसीलांचा वेगळा जिल्हा झाला आणि कलेक्टर गावातच बसू लागला. त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ५४ आणि ५५ चा फरक हा एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

हा जिल्हा होतो कसा, तेही सांगावं. लोकांना वाटतं मुख्यमंत्र्यांनी सभेत सांगितलं की झाला जिल्हा. तसं नसतं. आपल्या राज्यात मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ आहे. तिच्या कलम १३ खाली राज्य सरकार जिल्हे आणि तहसील नवे करू शकतं, त्यांच्या हद्दी बदलू शकतं आणि ते मोडूही शकतं. आधी प्रस्ताव छापायचा, लोकांच्या हरकती-सूचना मागवायच्या, मुदत संपली की त्या बघायच्या आणि मग राजपत्रात अंतिम अधिसूचना काढायची. त्या अधिसूचनेत लिहिलेल्या तारखेला जिल्हा जन्माला येतो, आधी नाही. विधानसभेत कायदा करावा लागत नाही, संसदेत तर नाहीच. राज्य फोडायला संसद लागते. हा फरक नववीच्या नागरिकशास्त्रात चपखल बसतो, बाईंनाही आवडेल.

आणि जिल्ह्याची हद्द म्हणजे नकाशावर पेनने ओढलेली रेघ नव्हे, ती गावांची यादी असते. अमुक तहसील, त्यातले अमुक पटवारी हलके, म्हणजे एकेका पटवाऱ्याकडे असलेले गावांचे गट, त्यातली अमुक गावं. ही यादी मी हाताने तपासलेली आहे म्हणून जरा लांबण लावतो. १९९८ मध्ये एका जुन्या जिल्ह्याची वाटणी होत होती आणि रेकॉर्ड रूममधून नव्या जिल्ह्याच्या गावांचे बस्ते वेगळे काढायच्या कामावर आम्ही होतो. लाल कापडात बांधलेले बस्ते, प्रत्येकाच्या गाठीत अडकवलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर गावाचं नाव, हलका नंबर आणि साल. काही चिठ्ठ्या वाळवीने खाल्लेल्या. एकाच नावाची दोन गावं एकाच तहसिलीत असणं आपल्याकडे नवीन नाही, त्यांना मोठं-छोटं, बुजुर्ग-खुर्द म्हणतात. चिठ्ठीवरचं ‘खुर्द’ पुसलेलं होतं. यादीत हलका नंबर बघायला हवा होता, बघितला गेला नाही. खुर्दाचे कागद जुन्या जिल्ह्यात राहिले, बुजुर्गाचे कागद खुर्दाच्या नावावर ट्रकमध्ये चढले.

हे कळलं आठ महिन्यांनी. वडील वारल्यावर जमिनीवर आपलं नाव चढवायला एक माणूस आला, त्याला आपल्याकडे नामांतरण म्हणतात. नव्या जिल्ह्यात त्याला सांगितलं की तुझे कागद आमच्याकडे आलेले नाहीत. जुन्या जिल्ह्यात सांगितलं की तुझं गाव आता आमच्याकडे नाही. दोन्ही उत्तरं नियमाने बरोबर होती. तो तीन वेळा इकडून तिकडे गेला. शेवटी एका म्हाताऱ्या शिपायाने बस्ता उघडून पहिल्या पानावरची शिव वाचली, म्हणजे गावाच्या चतुःसीमा, आणि शेजारच्या नाल्याच्या नावावरून ओळखलं की हे गाव ते नव्हे. तेव्हापासून मी कोणत्याही नव्या जिल्ह्याबद्दल ऐकलं की आधी विचारतो, कागद पोचले का? कलेक्टरची पाटी एका दिवसात लागते, कागद यायला वर्ष जातं. जवळ आलेलं कार्यालय तोपर्यंत त्या माणसाला लांबच असतं. आता खसरा कॉम्प्युटरवर आहे, तेव्हा इतके हाल होत नाहीत, पण जुने निकाल आणि जुने नकाशे अजूनही बस्त्यातच आहेत.

आता पंचावन्नाची गोष्ट, कारण तोही दोनदा झाला आहे. एकदा खरा, एकदा खोटा. मार्च २०२० मध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळाने मैहर, चाचौडा आणि नागदा या तीन नव्या जिल्ह्यांना तत्त्वतः मंजुरी दिली. संख्या तेव्हा ५२ होती. स्पर्धा परीक्षांच्या काही पुस्तकांत लगेच ५५ छापलं गेलं. दोन दिवसांनी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि अधिसूचना निघालीच नाही. २०२३ मध्ये खरोखर तीन जिल्हे झाले: १५ ऑगस्टला रीवामधून मऊगंज, आणि ५ ऑक्टोबरला छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सतन्यातून मैहर. आकडा पुन्हा ५५, पण चाचौडा आणि नागदा त्यात नाहीत. एखादी जुनी गाइड घरात असेल तर मुलीने आकडा बघून खूश होऊ नये, यादीतली नावं बघावीत. चाचौडा आजही गुन्यात आहे आणि नागदा उज्जैनमध्ये.

वरच्या ओळीत १९९८ पासून आकडा कोणत्या वर्षी वाढला ते बघा: १९९८, २००३, २००८, २०१३, २०१८, २०२३. भोपाळ आणि राजनांदगावनंतरचे आपले सगळे नवे जिल्हे याच सहा वर्षांत झाले, आणि ही सहाही वर्षं विधानसभेच्या निवडणुकीची आहेत. पांढुर्ण्याची अधिसूचना निघाल्यावर चार दिवसांनी आचारसंहिता लागली. हे शाळेत सांगावं की नाही असं तुम्हाला वाटेल. माझं स्पष्ट मत आहे की सांगावं, कोणत्याही पक्षाचं नाव न घेता. या सहा वर्षांत दोन्ही मोठ्या पक्षांची सरकारं येऊन गेली, सवय मात्र तीच राहिली. आणि सोबत हेही सांगावं की मागणी खोटी नसते. लोक दहा-दहा, वीस-वीस वर्षं धरणं धरून बसलेले असतात. अंतर मागणी जन्माला घालतं, निवडणूक तिची तारीख ठरवते. नववीच्या मुलांना एवढं समजतं, ती घरी बातम्या ऐकतातच.

संख्या कमीही होते का, असं कोणीतरी नक्की विचारेल. होते. शेजारच्या राजस्थानने २०२३ मध्ये ३३ चे ५० जिल्हे केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुढच्या सरकारने त्यातले नऊ रद्द केले, उरले ४१. आसामने २०२२ च्या अगदी शेवटच्या दिवशी चार जिल्हे जुन्यात विलीन केले, कारण दुसऱ्या दिवसापासून मतदारसंघांच्या पुनर्रचनेसाठी हद्दी बदलायला बंदी येणार होती. पुढच्या वर्षी ते चारही परत आले. आपल्याकडे एकदा झालेला जिल्हा आजवर मोडलेला नाही, पण कलम १३ मध्ये मोडण्याचाही अधिकार आहे.

काय बदलत नाही, तेही एका मिनिटात यावं, कारण मुलं हेच विचारतात. पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तरी पांढुर्णा आणि सौसर या विधानसभेच्या जागा छिंदवाडा लोकसभेतच आहेत. मतदारसंघ वेगळ्या कायद्याने ठरतात. पिनकोड डाक विभागाचा असतो, तोही जिल्ह्याबरोबर बदलत नाही. आधारवर जुना जिल्हा छापलेला असला म्हणून कार्ड बाद होत नाही.

भाषणात एक चूक हटकून होते, ती टाळा. मुलं नेटवरून लोकसंख्येचे आकडे उचलतात. देशाची शेवटची जनगणना २०११ ची आहे आणि तेव्हा आपल्या राज्यात ५० जिल्हे होते. म्हणून त्या तक्त्यात आगर-माळवा, निवाडी, मऊगंज, पांढुर्णा, मैहर या नावांची ओळच नाही. शाजापूरची लोकसंख्या तिथे पंधरा लाखांच्या वर दिसते, पण त्यात आजचा आगर धरलेला आहे. ५५ जिल्ह्यांचा नकाशा लावून शेजारी २०११ चा तक्ता लावला तर दोन्ही कागद बरोबर असतील आणि भाषण चुकेल. नकाशा आजचा असेल तर लोकसंख्या लिहूच नका. किंवा नवीन जिल्ह्याच्या तहसिलींची बेरीज करून लिहा आणि खाली तसं नमूद करा.

मुलीचा आकडा सोमवारपर्यंत जुना होईल ही भीती मात्र सोडा. जनगणनेआधी हद्दी गोठवल्या जातात, म्हणजे गणना पूर्ण होईपर्यंत कोणतंही राज्य जिल्हा, तहसील किंवा गावाची हद्द बदलू शकत नाही, नाहीतर मोजणारा एका जिल्ह्यात घर मोजेल आणि माणसं दुसऱ्यात. या वेळची ही बंदी २०२५ च्या शेवटी लागली आणि जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर तिने बिनधास्त ५५ म्हणावं, आणि ‘५ ऑक्टोबर २०२३ पासून’ हे शब्द आकड्याला जोडूनच म्हणावेत.